टाचणी कुठे टोचायची?

आलेख कागद घ्या आणि त्यावर y = x³ − 6x² + 9x + 2 हा वक्र काढा. त्यासाठी फार बिंदू लागत नाहीत. x ला 0, 1, 2, 3, 4 या किमती दिल्या की y च्या किमती अनुक्रमे 2, 6, 4, 2, 6 येतात. दोन्ही टोकांना आणखी एकेक बिंदू घेतला, तर x = −1 ला y = −14 आणि x = 5 ला y = 22 मिळतो. हे बिंदू हलक्या हाताने जोडले की वक्र डावीकडून खालून वर येतो, (1, 6) ला माथा गाठतो, तिथून उतरून (3, 2) ला तळाशी जातो आणि पुन्हा वर चढत कागदाबाहेर निघून जातो.

आता त्यावर बटर पेपर ठेवून वक्र गिरवून घ्या. बटर पेपर न हलवता (2, 4) या बिंदूत टाचणी टोचा आणि तो टाचणीभोवती बरोबर अर्धा फेरा फिरवा, म्हणजे 180 अंश. गिरवलेला वक्र खालच्या वक्रावर जसाच्या तसा बसतो. माथ्याच्या जागी तळ येतो, तळाच्या जागी माथा येतो आणि डावी शेपटी उजव्या शेपटीवर जाऊन पडते. टाचणी (2, 4) सोडून दुसऱ्या कुठल्याही बिंदूत टोचली, अगदी अर्धा सेंटिमीटर सरकवून टोचली, तरी दोन रेषा वेगळ्या दिसू लागतात.

हे या एका वक्राचे वैशिष्ट्य नाही. y = ax³ + bx² + cx + d या स्वरूपाच्या, म्हणजे तिसऱ्या घातापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक बहुपदीच्या आलेखात अशी टाचणी टोचण्याची एक आणि एकच जागा असते. a शून्य नसावा, एवढीच अट. आणि ती जागा म्हणजे वक्राचा इन्फ्लेक्शन बिंदू. हा बिंदू काय असतो आणि सममितीचे केंद्र नेमके तिथेच का असते, हे शाळेतल्या बीजगणितापलीकडे फारसे न जाता पूर्णपणे समजून घेता येते.

आधी इन्फ्लेक्शन बिंदू. घाटातल्या रस्त्यावर गाडी उजवीकडच्या वळणातून डावीकडच्या वळणात शिरते, तेव्हा मध्ये एक क्षण असा येतो की स्टिअरिंग कोणत्याच बाजूला वळलेले नसते. आपल्या वक्रावरून डावीकडून उजवीकडे गेलो, तर माथ्याच्या आसपास सतत उजवीकडे वळावे लागते आणि तळाच्या आसपास सतत डावीकडे. उजवे वळण संपून डावे सुरू होते तो बिंदू म्हणजे इन्फ्लेक्शन बिंदू. बारावीचे गणित शिकलेल्यांना तो दुसऱ्या विकलजावरून शोधता येतो. आपल्या बहुपदीचा दुसरा विकलज 6x − 12 आहे. x दोनपेक्षा लहान असताना तो ऋण असतो, मोठा असताना धन असतो, आणि x = 2 ला शून्य होतो. सर्वसाधारण घन बहुपदीसाठी ही जागा x = −b/(3a) अशी येते. आपल्याकडे a = 1, b = −6, म्हणून x = 2.

इथे एक गैरसमज बाजूला सारायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. इन्फ्लेक्शन बिंदूवर वक्र क्षणभर सपाट होतो असे अनेकांना वाटते, कारण पुस्तकात पहिले उदाहरण बहुतेक वेळा y = x³ चे असते आणि तिथे तसे घडते. आपल्या वक्राचा (2, 4) ला चढ −3 आहे. म्हणजे माथ्यापासून तळापर्यंतचा सगळ्यात तीव्र उतार नेमका याच बिंदूवर आहे.

आता पडताळा. टाचणीभोवती अर्धा फेरा म्हणजे आकड्यांच्या भाषेत काय? केंद्राच्या डावीकडे जेवढे अंतर जाऊ तेवढेच उजवीकडे जायचे आणि दोन्ही ठिकाणच्या y ची बेरीज केंद्राच्या y च्या दुप्पट येते का ते बघायचे. केंद्र (2, 4) असेल, तर बेरीज 8 यायला हवी. x = 1 आणि x = 3 घेतले तर 6 + 2 = 8. x = 0 आणि x = 4 घेतले तर 2 + 6 = 8. x = −1 आणि x = 5 घेतले तर −14 + 22 = 8. जुळते. पण या तीन जोड्या झाल्या. वक्रावर अशा जोड्या अगणित आहेत आणि प्रत्येक जोडी तपासणे कुणालाच शक्य नाही. बटर पेपरचेही तसेच आहे. तो डोळ्यांची खात्री करतो, पण पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीइतकी शंका मागे राहतेच.

सगळ्या जोड्या एकदम तपासायचा मार्ग म्हणजे आरंभबिंदू हलवणे. वक्र जागचा हलवायचा नाही. x-अक्ष आणि y-अक्ष उचलून असे ठेवायचे की ते (2, 4) मध्ये एकमेकांना छेदतील. नव्या अक्षांवरून मोजलेल्या निर्देशकांना X आणि Y म्हणू. जुन्या मापाने जो बिंदू x वर आहे तो नव्या मापाने X = x − 2 वर येतो, आणि त्याचप्रमाणे Y = y − 4. उलट लिहिले, तर x = X + 2 आणि y = Y + 4. आता मूळ समीकरणात x च्या जागी X + 2 लिहू आणि एकेक पद उलगडू.

(X + 2)³ = X³ + 6X² + 12X + 8
−6(X + 2)² = −6X² − 24X − 24
9(X + 2) = 9X + 18
आणि शेवटचे स्थिर पद 2.

बेरीज करू. X³ एकच आहे. X² ची दोन पदे आहेत, +6X² आणि −6X², आणि ती एकमेकांना पूर्णपणे खोडतात. X च्या पदांची बेरीज 12 − 24 + 9 = −3. स्थिर पदांची बेरीज 8 − 24 + 18 + 2 = 4. म्हणजे y = X³ − 3X + 4. डावीकडे y च्या जागी Y + 4 लिहिले की दोन्ही बाजूंचे चार जातात आणि उरते

Y = X³ − 3X.

पडताळा इथेच पूर्ण झाला. या समीकरणात X चे फक्त विषम घात आहेत, तिसरा आणि पहिला. X च्या जागी −X लिहिले की दोन्ही पदांचे चिन्ह बदलते, म्हणून Y चेही फक्त चिन्ह बदलते. वक्रावर (X, Y) असेल, तर (−X, −Y) असलाच पाहिजे, X कितीही असो. आणि (X, Y) वरून (−X, −Y) वर जाणे म्हणजेच नव्या आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा. अगणित जोड्या एका ओळीत तपासून झाल्या.

हे गणित करताना चूक होते ती बहुधा चिन्हाची. आरंभबिंदू उजवीकडे दोनने सरकवला म्हणून घाईत x = X − 2 लिहिले जाते. ही चूक स्वतःहून उघडी पडते. तसे लिहिल्यास घनातून −6X² येतो, दुसऱ्या पदातून आणखी −6X² येतो, आणि जे पद नाहीसे व्हायचे ते दुप्पट होऊन −12X² होते. म्हणून X² चे पद गेले नाही, तर पुढे काहीही करण्याआधी ते दुप्पट झाले आहे का ते बघावे. दुप्पट झाले असेल, तर सरकवण्याची दिशा उलटी झाली आहे. दुसरी चूक a एक नसताना होते. 2x³ − 12x² अशी सुरुवात असेल, तर −b/(3a) म्हणजे 12 ला 6 ने भागायचे. 3 ने भागणाऱ्याला केंद्र 4 वर मिळते. तिथे X² चे पद दुप्पट होत नाही, पण ते जातही नाही.

उलगडण्याचा कंटाळा असेल, तर नववीच्या बहुपदींच्या धड्यातला संश्लेषक भागाकार इथे फार सुंदर काम करतो. सहगुणक 1, −6, 9, 2 एका ओळीत लिहा आणि 2 ने संश्लेषक भागाकार करा. खाली 1, −4, 1 येतात आणि बाकी 4 उरते. बाकी बाजूला ठेवून उरलेल्या 1, −4, 1 ला पुन्हा 2 ने भागा. आता 1, −2 येतात आणि बाकी −3. पुन्हा एकदा भागा. 1 येतो आणि बाकी 0. शेवटचा 1 आणि बाक्या उलट क्रमाने वाचल्या की 1, 0, −3, 4 मिळतात. हेच X³ + 0·X² − 3X + 4 चे सहगुणक. मधले शून्य म्हणजेच केंद्र बरोबर निवडल्याची पावती.

पण इथपर्यंत आपण 2 हा आकडा आधीच ठरवून बसलो होतो. तो माहीत नसता तर? मग आरंभबिंदू अज्ञात अंतराने, h ने सरकवू. x = X + h लिहून तेच उलगडले की X² चा सहगुणक 3h − 6 येतो. X चा सहगुणक 3h² − 12h + 9 येतो, आणि तो जुन्या वक्राचा x = h ला असलेला चढच असतो. स्थिर पद म्हणजे त्या ठिकाणची y ची किंमत. केंद्र हवे असेल, तर X² चे पद जायलाच हवे, म्हणजे 3h − 6 = 0, म्हणजे h = 2. दुसरी कोणतीही किंमत चालत नाही. म्हणून केंद्र एकच.

आणि इन्फ्लेक्शन बिंदू इथे येतो कुठून? दुसरा विकलज 6x − 12 होता. त्यात x = h घालून निम्मे केले की 3h − 6 मिळतो, म्हणजे तोच X² चा सहगुणक. ‘X² चे पद नाहीसे झाले’ आणि ‘दुसरा विकलज शून्य झाला’ ही एकच अट आहे. X² चे पद वक्राला एका बाजूला, कायम वर किंवा कायम खाली, वाकवते. ते पद जिथून पाहिले असता दिसत नाही, तिथे वक्र कोणत्याच बाजूला वाकलेला नसतो. इन्फ्लेक्शन बिंदू आणि सममितीचे केंद्र योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. एकाच शून्याकडे दोन बाजूंनी पाहिले जाते आहे.

वर्गाचे पद घालवण्याची ही युक्ती आलेखांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक घन समीकरण सोडवलेले आहे. आजच्या चिन्हांत ते x³ + 12x = 6x² + 35 असे लिहिता येईल. 6x² डावीकडे आणून दोन्ही बाजूंतून 8 वजा केले की डावीकडे x³ − 6x² + 12x − 8 होते, आणि तो (x − 2) चा पूर्ण घन आहे. उजवीकडे 27 उरतात. म्हणून x − 2 = 3 आणि x = 5. इथला 2 आणि आपल्या टाचणीचा 2 एकच आहे, कारण दोन्हीकडे x² चा सहगुणक −6 आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांचे हे उदाहरण मला शाळेच्या फळ्यावर पाहायला आवडेल.

तरीही या उदाहरणात एक सोय दडलेली आहे. X² चे पद घालवले की त्यात X चे पदही आपोआप जाते, आणि उरते फक्त X³ = 27. x चा सहगुणक 12 आहे म्हणूनच हे घडते. तो 9 असता, तर −3X उरला असता, जसा आपल्याकडे उरला. अशी समीकरणे सोडवायला सोळावे शतक उजाडावे लागले. इटलीत बोलोन्याच्या शिपिओने देल फेर्रोने आणि नंतर स्वतंत्रपणे निक्कोलो तार्ताल्याने वर्गपद नसलेल्या घन समीकरणाची उकल शोधली. जेरोलामो कार्दानोने १५४५ साली छापलेल्या ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात वर्गपद असलेली समीकरणेही त्या साच्यात आणली. रीत हीच. x³ चा सहगुणक एक असेल, तर x² च्या सहगुणकाचा तिसरा भाग घ्यायचा आणि तेवढ्याने अज्ञात सरकवायचे. देकार्तचा ‘भूमिती’ हा ग्रंथ १६३७ सालचा, म्हणजे कार्दानोसमोर निर्देशकांची भूमिती नव्हती. आपण अक्ष उचलून वक्राच्या केंद्रावर नेऊन ठेवतो आहोत असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नाही. पण आज आपण ते पाहू शकतो.

भास्कराचार्यांच्या आणि आपल्या समीकरणातला 12 आणि 9 यांचा फरक आलेखात सरळ दिसतो. x³ − 6x² हा भाग तसाच ठेवून x चा सहगुणक 9, 12 आणि 15 घेतला, तर आरंभबिंदू हलवल्यावर अनुक्रमे X³ − 3X, X³ आणि X³ + 3X मिळतात. पहिल्यात माथा आणि तळ आहेत. दुसऱ्यात वक्र केंद्रावर क्षणभर आडवा होतो आणि पुन्हा चढतो. तिसऱ्यात माथा नाही, तळ नाही, वक्र कुठेही न थांबता चढतच जातो. केंद्र मात्र तिन्हींत आहे आणि तिन्हींत x = 2 वरच आहे. म्हणून ‘माथा आणि तळ यांचा मध्यबिंदू’ ही केंद्राची ओळख पुरेशी नाही. पहिल्या वक्रात ती बरोबर आहे, (1, 6) आणि (3, 2) यांचा मध्य (2, 4) येतो, पण तिसऱ्या वक्रात मध्य काढायला बिंदूच नाहीत.

तिन्हींत केंद्र x = 2 वरच राहते, यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि या सगळ्या विषयात मला ती सर्वांत प्रिय आहे. वक्राला तीन ठिकाणी छेदणारी कोणतीही सरळ रेषा घ्या. तीन छेदनबिंदूंच्या x-निर्देशकांची सरासरी नेहमी 2 येते. आपल्या वक्रावरचे (−1, −14), (3, 2) आणि (4, 6) हे बिंदू बघा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चार पुढे आणि सोळा वर, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत एक पुढे आणि चार वर. दोन्हीकडे चढ 4, म्हणजे तिन्ही एकाच रेषेवर आहेत. x-निर्देशकांची बेरीज −1 + 3 + 4 = 6 आणि सरासरी 2. ही रेषा केंद्रातून जातही नाही, तरी सरासरी केंद्राचीच येते. कारण सोपे आहे. वक्राच्या समीकरणातून रेषेचे समीकरण वजा केले की फक्त x चा सहगुणक आणि स्थिर पद बदलतात, x³ आणि x² ची पदे जशीच्या तशी राहतात. आणि घन समीकरणाच्या तीन उकलींची बेरीज त्या दोन पदांवरूनच ठरते, ती असते −b/a. त्या बेरजेला तीनने भागले की −b/(3a).

हात अवघडला असेल, तर संगणकावर जिओजेब्रासारख्या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये या दोन ओळी टाइप करून बघा.

```
f(x) = x^3 - 6x^2 + 9x + 2
g(x) = 8 - f(4 - x)
```

दुसरी ओळ म्हणजे पहिल्या वक्राला (2, 4) भोवती दिलेला अर्धा फेरा. पडद्यावर एकच वक्र दिसेल, कारण दुसरा पहिल्याच्या नेमका वर पडलेला असेल. 4 च्या जागी 4.2 लिहिले की दोन्ही वेगळे होतात. पडद्यावर y-अक्ष x-अक्षापेक्षा दाबलेला किंवा ताणलेला असला तरी काळजी नको. तसे केल्याने वर्तुळ लंबवर्तुळ दिसते, पण केंद्राभोवतीची ही सममिती मोडत नाही.

मग कोणत्याही इन्फ्लेक्शन बिंदूत टाचणी टोचली तर चालेल का? नाही, आणि का नाही हे समजले की घन वक्राचे वेगळेपण कळते. y = x⁴ − 6x² या वक्राला x = −1 आणि x = 1 असे दोन इन्फ्लेक्शन बिंदू आहेत, पण त्याची दोन्ही टोके वर जातात. अर्धा फेरा दिला की ती दोन्ही खाली येणार. त्याला असे केंद्र असूच शकत नाही. पाचव्या घाताची टोके विरुद्ध दिशांना जातात, म्हणून तिथे आशा वाटते. y = x⁵ + x² घ्या. दुसरा विकलज 20x³ + 2 आहे, तो सुमारे x = −0.46 ला शून्य होतो आणि तिथे चिन्हही बदलतो. म्हणजे तो खरा इन्फ्लेक्शन बिंदू आहे. पण आरंभबिंदू h ने सरकवला की X⁴ चा सहगुणक 5h येतो. तो शून्य हवा असेल, तर h = 0 च घ्यावा लागतो, म्हणजे हलायचेच नाही. आणि न हलता मूळ समीकरणातला x² तिथेच असतो.

आरंभबिंदू हलवताना आपल्या हातात दोनच गोष्टी असतात, आडवे किती सरकायचे आणि उभे किती. घन बहुपदीत घालवायची सम पदेही दोनच असतात, वर्गाचे आणि स्थिर. आडवे सरकून वर्गपद जाते, उभे सरकून स्थिर पद जाते, आणि मागे काही शिल्लक राहत नाही. पाचव्या घातात घालवायची पदे तीन होतात, X⁴, X² आणि स्थिर पद, पण सरकण्याच्या दिशा दोनच राहतात. तिसरे पद गेले तर ते नशिबाने जाते, जसे x⁵ − x मध्ये ते मुळातच नसते. घन बहुपदीला नशिबाची गरज पडत नाही. कोणतेही a, b, c, d द्या, a तेवढा शून्य नको, x = −b/(3a) ला टाचणी टोचा आणि बटर पेपर फिरवा.